माटोळीचे चार हूक आणि सोळा हँगर

हॉलच्या फॉल्स सिलिंगला लागणारा माल म्हणून दुकानदाराने बिलबुकाच्या पाठच्या कोऱ्या पानावर पेनाने पाच ओळी लिहून दिल्या होत्या. बोर्ड ११, सेक्शन १४, इंटर ८, परिमीटर ७, पट्टी ४. हॉल किती मोठा, एवढंच त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, साधारण २११ स्क्वेअर फूट. त्याने कॅल्क्युलेटरही काढला नाही. रोजची सवय असेल, पण इतक्या पटकन उत्तर आलं की मला शंका आली. दुकानदाराचा माल जास्त खपला तर त्याचं काय बिघडतं? मी कागद खिशात घातला, चहा प्यायलो आणि काहीच न घेता डिचोलीला घरी परत आलो.

स्लॅबच्या गळतीचं काम आदल्या उन्हाळ्यात गच्चीवरून करून घेतलं होतं. एक पावसाळा कोरडा गेलेला बघितला, तेव्हाच फॉल्स सिलिंगचा विषय काढला. गळक्या स्लॅबखाली जिप्सम बोर्ड लावणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. ठेकेदाराकडून करायचं तर तो फुटाच्या दराने सगळं मिळून सांगत होता. माल आपला आणि मजुरी त्याची, असं बांद्याच्या एका मेस्ताने कबूल केलं. माझ्या भाच्याचं घर त्यानेच केलेलं. फोनवर म्हणाला, "काका, माल तुम्ही आणा, पण लिस्ट मी सांगितल्यावर आणा. नाहीतर अर्धा माल परत न्यायला टेम्पो करावा लागेल."

तो यायला चार दिवस होते. तेवढ्यात मी लिस्ट स्वतःच काढायची ठरवली. निवृत्त माणसाला ग्राफपेपर मिळाला की काय होतं, ते घरच्यांना विचारा.

आधी वस्तू कुठली कुठे बसते ते सांगतो, कारण हे कळल्याशिवाय आकडे निरर्थक आहेत. भिंतीला सगळीकडून जी पन्हाळीसारखी पट्टी ठोकतात ती परिमीटर. स्लॅबला क्लिट, म्हणजे छोटा काटकोनी तुकडा, फास्नरने बसवतात. त्यातून खाली लोंबते ती पट्टी, तिलाच हँगर म्हणायचं. हँगरला आडवं धरलेलं जाड चॅनल म्हणजे इंटर. इंटरच्या खाली त्याला काटकोनात क्लिपने अडकवलेले रुंद चॅनल म्हणजे सेक्शन. आणि सेक्शनला खालून स्क्रूने बोर्ड. बोर्ड कधीच इंटरला लागत नाही. तो सेक्शनला आणि कडेला परिमीटरला लागतो. हे एक वाक्य मला दोन दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर सगळा कागद बदलला.

बोर्ड ६ फूट बाय ४ फूट, जाडी साडेबारा मिलिमीटर. सेक्शन, इंटर, परिमीटर, पट्टी हे सगळं १२ फुटी लांबीत मिळतं. साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डासाठी सेक्शन दीड फुटावर, इंटर ४ फुटांवर, इंटरवरचे हँगरही ४ फुटांवर, असा सर्वसाधारण नियम. आता यात गंमत बघा. दीड फुटाचे चार घेतले की बरोबर ६ फूट. म्हणजे बोर्डाची लांबी सेक्शनला आडवी ठेवली तर बोर्डाचं प्रत्येक टोक आपोआप एका सेक्शनवर येतं आणि शेजारच्या बोर्डाचं टोकही त्याच सेक्शनवर अर्ध्या रुंदीत बसतं. बोर्ड फिरवून त्याची ४ फुटांची बाजू त्या दिशेला आणली तर ४८ इंचांत १८ इंच पूर्ण बसत नाहीत, टोक हवेत राहतं. मग तिथे जास्तीचे तुकडे ठोकत बसा. म्हणून आधी बोर्डांची संख्या काढायची नाही. आधी सेक्शन कुठल्या दिशेने जाणार ते ठरवायचं.

माझा हॉल पूर्व-पश्चिम लांब, १७ फूट ६ इंच. रुंदी मी फरशीवर टेप टाकून मोजली होती. १२ फूट अर्धा इंच.

या अर्ध्या इंचाने मला रात्रभर छळलं. सेक्शन रुंदीच्या दिशेने टाकावेत हे उघड होतं, कारण ते छोटं अंतर. पण सेक्शन १२ फुटी आणि खोली १२ फूट अर्धा इंच. म्हणजे प्रत्येक सेक्शनला जोड! जोड म्हणजे एकावर एक चढवून स्क्रू मारायचे आणि त्यासाठी जास्तीचा तुकडा कापायचा. मी वैतागून सेक्शन लांबीच्या दिशेने टाकायचे ठरवले. मग सगळे बोर्ड फिरले आणि एका टोकाला दीड फुटाची फालतू पट्टी उरली. मला ते रूपच आवडेना. दुकानदाराचे १४ सेक्शन तेव्हा मला एकदम शहाणपणाचे वाटायला लागले.

मेस्त आला तो सकाळी साडेआठला, पावसात भिजत. त्याने माझे तीन ग्राफपेपर बघितले, हसला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. फक्त मान वर करून आतल्या भिंतीकडे बघितलं.

"काका, हे माप खालचं ना?"

"हो."

"सिलिंग खाली लावायचंय काय?"

आमच्या हॉलची आतली भिंत साडेचार इंची विटेची आहे आणि तिच्यावरचा बीम ९ इंची. बीमचं एक अंग पलीकडच्या खोलीच्या बाजूला भिंतीशी सपाट आहे, म्हणून आमच्या बाजूला तो साडेचार इंच बाहेर आलेला. तीस वर्षं त्याच्याखाली बसून मी पेपर वाचतोय. बीम स्लॅबपासून सव्वा फूट खाली उतरतो आणि सिलिंग आम्ही ८ इंचांवर घेणार होतो. म्हणजे त्या बाजूचं परिमीटर भिंतीला नव्हे, बीमच्या अंगाला लागणार. मेस्ताने शिडी लावली, वर टेप धरला. ११ फूट ८ इंच.

अर्धा इंच जास्त असलेली खोली ४ इंच कमी झाली. १२ फुटी सेक्शन एका तुकड्यात, बिनजोड.

त्याने मग तेच माप हॉलच्या तीन ठिकाणी घेतलं. पश्चिमेच्या टोकाला ११ फूट ९ इंच निघाली, म्हणजे भिंत एक इंच तिरकी. सेक्शनला तरी तीन इंच शिल्लक होते. तो म्हणाला, जुन्या घरात एका मापावर कधी कापू नये, प्रत्येक सेक्शन त्याच्या जागेवर मोजून कापायचा. हिशोब मात्र ११ फूट ८ इंचांवरच केला.

आता आकडे पटापट पडायला लागले. हॉलची लांबी २१० इंच. एका भिंतीपासून दर १८ इंचांवर सेक्शन. १८, ३६, असं करत शेवटचा १९८ वर, पुढे भिंतीपर्यंत १२ इंच राहतात आणि तिथे परिमीटर आहेच. ११ सेक्शन. दुकानदाराच्या १४ मधले तीन गळाले.

बोर्ड लांबीच्या दिशेने तीन ओळींत. रुंदीत ४८, ४८ आणि ४४ इंच, म्हणजे तिसऱ्या ओळीतून ४ इंचांची पट्टी कापून जाते. लांबीत ७२, ७२ आणि ६६. एका ओळीला तीन बोर्ड, तीन ओळींना नऊ. पण सगळ्या ओळींचे जोड एका रेषेत आले तर तिथेच चीर पडते, म्हणून विटांच्या बांधकामासारखे ते पुढेमागे करायचे. एका ओळीची सुरुवात अर्ध्या बोर्डाने, ३६ इंचांनी. मग ७२, ७२, आणि उरले ३०. आता ३६ आणि ३० मिळून ६६, म्हणजे दोन्ही तुकडे एकाच बोर्डातून निघतात. ओळ कशीही सुरू करा, तीनच बोर्ड. मी हे तीनदा तपासलं, कारण इतकं नीट बसणं संशयास्पद वाटत होतं. क्षेत्रफळाला २४ ने भागून आणि दहा टक्के जास्त धरून दहा बोर्ड आले असते, तेही चुकीचं नाही. पण नऊ कसे बसतात ते कागदावर दिसत होतं आणि दहावा मुद्दाम घेतोय हे माहीत होतं. जिन्यावरून चढवताना एखादा कोपरा मोडतोच. मोडलाच.

परिमीटर म्हणजे हॉलची परिमिती, साधारण ५८ फूट. लांब भिंतींना एकेक पूर्ण आणि साडेपाच फुटांचा एकेक तुकडा, दोन्ही तुकडे एकाच परिमीटरमधून. रुंदीच्या भिंतींना एकेक. पाच. इंटर हॉलच्या लांबीला तीन ओळी. साडेसतरा फुटांना एक पूर्ण आणि ६ फुटांचा तुकडा, त्यातले सहा इंच एकमेकांवर चढवायला. तीन ओळींना साडेचार नग, म्हणजे पाच. दुकानदाराने आठ लिहिले होते.

सगळ्यात जास्त हसू आलं ते हँगरच्या पट्टीला. सिलिंग स्लॅबपासून ८ इंच खाली. त्यातले सेक्शन, इंटर आणि बोर्ड मिळून सव्वातीन इंच खातात. हँगरचा तुकडा आठ इंचांचा कापला तरी भरपूर. १२ फुटी एका पट्टीतून असे अठरा तुकडे निघतात. आणि मला हँगर लागणार होते पंधरा. दुकानदाराने चार पट्ट्या लिहिल्या होत्या. कदाचित त्याच्या डोक्यात दोन फूट खाली आलेलं एखाद्या हॉटेलचं सिलिंग असेल. किती खाली घेणार हे त्याने विचारलंच नव्हतं.

मी लिस्ट स्वच्छ अक्षरात लिहून काढली आणि टेबलावर ठेवली. आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिने कागदाकडे बघितलंही नाही.

"आणि माटोळी कुठे बांधणार?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली आणि बागेतली फळं, भाज्या, नारळाच्या पेंडी, सुपारीची शिपटी, केळीचा घड, असं सगळं बांधतात. ती माटोळी. आमच्या हॉलच्या पूर्वेच्या टोकाला स्लॅब ओततानाच वडिलांनी चार लोखंडी हूक सोडून घेतले होते, ४ फूट बाय ३ फुटांच्या चौकटीसाठी. आठ इंच खाली आलेलं सिलिंग त्या चारही हुकांना गिळणार होतं.

मी मेस्ताला म्हटलं, सिलिंगच्या चॅनललाच हूक लावू. त्याने मला हिशोब करायला लावला, स्वतः नाही म्हणाला नाही. एक बोर्ड अठरा-वीस किलोंचा. नऊ बोर्ड, वर लोखंड, सगळं मिळून दोनशे किलोंच्या आसपास. पंधरा हँगरमध्ये वाटलं तर एकेकाला १३ किलो. माटोळी चाळीस किलोंना सहज जाते आणि ती चारच जागी ओढते. शिवाय सेक्शन इंटरला धरून असतो तो एका वाकवलेल्या तारेच्या क्लिपने. "बोर्डाचं वजन पसरून येतं काका, नारळाचं येत नाही," तो म्हणाला. भार स्लॅबलाच जायला हवा, सिलिंगला त्याचा स्पर्शसुद्धा होता कामा नये.

उपाय सोपा होता. बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडून आठ मिलिमीटर सळीचे चार तुकडे करून घेतले, वरच्या टोकाला बंद कडी, खालच्या टोकाला हूक. स्लॅबच्या हुकात अडकवले की बोर्डातून एक इंचाच्या भोकातून खाली येतात. भोक सळीपेक्षा मुद्दाम मोठं, कारण माटोळी बांधताना हलते आणि सळी बोर्डाला घासली की कड कुरतडली जाते. भोकावर सरकवायला स्टीलची छोटी वाटी. वर्षभर ती वर ढकललेली असते.

पण सळ्या जिथून खाली येतात तिथे सेक्शन नको, इंटर नको. ओळंबा सोडून चारही हुकांची जागा फरशीवर खडूने काढली. पूर्वेच्या भिंतीपासून दोन हूक २४ इंचांवर आणि दोन ७२ वर. मी सेक्शन पूर्वेपासून मोजले होते, गणपतीच्या बाजूला पूर्ण बोर्ड दिसावेत म्हणून. अठरा चोक बहात्तर! सेक्शन बरोबर दोन हुकांच्या खाली. आणि ७२ वर बोर्डाचा जोडही.

मी सेक्शन थोडा सरकवू या म्हणालो. मेस्त म्हणाला, एक सरकवला की सहा फुटांचा मेळ गेला, पुढचे सगळे बोर्ड कापावे लागतील. मग त्याने कागद उचलून उलटा धरला. नुसता फिरवला. सुरुवात पश्चिमेच्या भिंतीपासून करायची. पश्चिमेपासून तेच हूक १३८ आणि १८६ वर येतात. सेक्शन १२६, १४४, १८०, १९८ वर. दोन्ही हूक जवळच्या सेक्शनपासून सहा-सहा इंच सुटले. नग तेवढेच, बोर्ड तेवढेच, फक्त मोजायची भिंत बदलली. मी चाळीस वर्षं हिशोबाचं काम केलंय, आणि मला हे सुचलं नव्हतं.

पंख्यानेही असाच चिमटा काढला. रुंदीत इंटरच्या तीन ओळी सारख्या अंतराने टाकल्या तर मधली ओळ बरोबर मध्यावर, ७० इंचांवर येते. आणि पंखा कुठे असतो? मध्यावर. लांबीत पाच हँगरही सारखे वाटले होते, त्यातला तिसरा पंख्याच्या हुकावरच. तीनही ओळी दोन इंच सरकवल्या, २४, ७२, १२०. इंटर भिंतीपासून दोन फुटांहून लांब जाऊ द्यायचा नाही आणि दोन ओळींत चार फुटांहून जास्त अंतर नको, दोन्ही पाळलं गेलं. इंटर अरुंद असतो, दोन इंचांत पंख्याचा दांडा मोकळा जातो. मधल्या ओळीला मात्र पाचाऐवजी सहा हँगर घेतले, म्हणजे पंख्याच्या पेटीजवळ स्लॅबमध्ये ड्रिल घालावं लागणार नाही. तिथून वायरीचा पाइप गेलेला असतो. हँगर झाले सोळा. पट्टी एकच. मधल्या ओळीचे बोर्ड पूर्ण बोर्डाने सुरू केले आणि अर्धा बोर्ड कडेच्या ओळींना दिला, त्यामुळे पंख्याखाली जोड आला नाही.

शेवटची लिस्ट अशी झाली: बोर्ड १०, सेक्शन १२, इंटर ५, परिमीटर ६, पट्टी १, क्लिप ४०, सोळा क्लिट आणि वीस फास्नर. क्लिपचा हिशोब सरळ आहे. अकरा सेक्शन आणि तीन इंटर, म्हणजे तेहतीस ठिकाणी ते एकमेकांना छेदतात, वर थोड्या वाकतात म्हणून जास्त. बोर्डाचे स्क्रू मोजत बसलो नाही. नऊ इंचांवर एक, म्हणजे बोर्डाला तीसेक पडतात, कडेला जास्त. एक डबा आणला.

दुकानदाराने नवी लिस्ट वाचली आणि म्हणाला, "सेक्शन दोन फुटांवर टाका, आठात भागेल. सगळे टाकतात." हे मात्र खरं आहे, पुष्कळ लोक टाकतात. ६ फुटांत दोन फूटही तीनदा बसतात, त्यामुळे बोर्डाची टोकं सेक्शनवर येतातच आणि काम झालं त्या दिवशी फरक दिसत नाही. फरक दिसतो पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात. माझ्या बहिणीच्या घरी दिसतो. संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की सिलिंगवर दर दोन फुटांनी हलकी लाट दिसते, जशी वाळत घातलेल्या चादरीवर दोऱ्यांची दिसते. भर दुपारी काही दिसत नाही. बोर्ड दमट हवेत पाणी धरतो आणि दोन आधारांच्या मध्ये पोट काढतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाकतं. मी बाराच घेतले.

काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर पातळी मारली तेव्हा कळलं की स्लॅब एका कोपऱ्यात पाऊण इंच खाली आहे. म्हणून हँगर आठ इंचांचे कापले होते ते बरं झालं, प्रत्येक ठिकाणी थोडं वरखाली करता आलं.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो होतो. परत आलो तर मेस्ताचा पोऱ्या शिडीवर आणि खाली फरशीवर प्लॅस्टिकच्या गिट्ट्यांची पिशवी. फास्नरचं भोक मोठं पाडावं लागतं, वेळ जातो, म्हणून त्याने पाच क्लिट गिट्टी आणि स्क्रूवर लावल्या होत्या. भिंतीवर फोटो लावायला गिट्टी चालते, तिथे भार गिट्टीला आडवा असतो. छताला भार सरळ खाली ओढतो आणि गिट्टी हळूहळू सरकते. मी त्याला काही बोललो नाही, फक्त एकेक हँगर हाताने धरून जोरात खाली ओढला. फास्नरचे अकरा हलले नाहीत. गिट्टीवरच्या पाचांतले दोन हातात थोडे फिरले, एकाच्या भोकातून सिमेंटची भुकटी पडली. मेस्ताने वर बघितलं, मग पोऱ्याकडे बघितलं, आणि पाचही काढून पुन्हा फास्नरवर बसवले. जुन्या भोकात नाही, दोन इंच बाजूला. बोर्ड लागण्याआधी ही ओढाताण करता येते, नंतर नाही. नंतर कळतं ते फक्त पंख्याच्या बाजूला बारीक चीर पडल्यावर.

बोर्ड चढले, जोडांवर टेप आणि कंपाउंड झालं. पहिला हात वाळायला उन्हाळ्यात एक रात्र लागते, आम्हाला जुलैत दोन दिवस थांबावं लागलं. घाईने पुढचा हात मारला तर वरून कोरडं आणि आतून ओलं राहतं आणि रंगानंतर जोडाची रेघ उठून दिसते. पंखा लावून खिडक्या उघड्या ठेवल्या, बस.

उरलं काय ते मोजलं. सहा फूट इंटर, एक सेक्शन, एक परिमीटर, दोन हँगर आणि तिसऱ्या ओळीच्या चार इंची पट्ट्या, ज्या कशाच्याच कामाच्या नाहीत पण मेस्त म्हणाला ठेवा, वायरमनने भोक चुकवलं तर लागतील. कोपरा मोडलेला दहावा बोर्ड कापून मुलीच्या खोलीतल्या कपाटामागच्या भेगेवर लावला.

चवथीला वाट्या खाली सरकवल्या, चार सळ्यांना माटोळी बांधली. आईने केळीचा घड स्वतः निवडला आणि नेहमीपेक्षा मोठा निवडला, हे मुद्दाम होतं असं माझं मत आहे. मी खुर्चीवर चढून भोकांमधून टॉर्च मारला. सळी कुठेच बोर्डाला टेकली नव्हती.

विसर्जनानंतर शेजारचे काका कागद-पेन घेऊन आले. त्यांचा हॉल आमच्याएवढाच, तर लिस्ट तीच चालेल ना? मी विचारलं, रुंदी वर मोजलीत की खाली? ते परत गेले, शिडी आणायला. त्यांच्याकडे बीम भिंतीशी सपाट निघाला. वरही १२ फूट अर्धा इंच. आता ते आणि मी दोन दिवस ग्राफपेपर घेऊन बसलोय.